मामाचा शंट

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी मी ते तीन मीटर घेतले, तेव्हा मला एकच हवा होता. पण विकणारा सुटा द्यायला तयार नव्हता. १९८४ साल होतं. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझ्या मामाचं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. त्याच्या चार्जरवरचा अँपिअर-मीटर बंद पडला होता. नवा घ्यायचा तर खर्च बराच. मी पुस्तकात नुकतंच शिकलो होतो की कुठल्याही मूव्हिंग कॉइल मीटरला शंट जोडला की त्याचा हवा तेवढ्या अँपिअरचा मीटर होतो. मामाला म्हटलं, "मी करून देतो."

पुस्तकात हा विषय दीड पानात संपतो. मला तो समजायला दोन वर्षं आणि एक जळलेला मीटर लागला. समजलं ते गणित नव्हे, गणित पहिल्या दिवशीच बरोबर होतं. मीटरच्या तारा नेमक्या कुठे टेकवायच्या, हे समजायला एवढा वेळ गेला.

आधी मीटर म्हणजे काय ते पाहू. नालासारख्या चुंबकाच्या दोन टोकांमध्ये केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेची एक चौकट दोन टोकदार आसांवर तोललेली असते. तिच्यातून प्रवाह गेला की ती वळते, आणि घड्याळात असते तशी एक नाजूक स्प्रिंग तिला मागे खेचते. दोघींचं जिथे जमतं तिथे काटा थांबतो. प्रवाह दुप्पट झाला तर काटाही दुप्पट सरकतो, म्हणून तबकडीवरच्या रेघा सारख्या अंतरावर असतात. फ्रान्समध्ये दार्सोन्व्हाल याने १८८२ मध्ये ही रचना प्रयोगशाळेत वापरण्याजोगी केली. आजही काट्याच्या मीटरला त्याचंच नाव लावतात. माझ्या तिन्ही मीटरांवर एक मिलिअँपिअरची तबकडी होती. म्हणजे अँपिअरच्या हजाराव्या भागात काटा शेवटच्या रेघेला पोचणार. मामाला दहा अँपिअर मोजायचे होते, दहा हजारपट.

मीटरचं रूपांतर करायला दोनच आकडे लागतात. किती प्रवाहाला काटा पूर्ण जातो हा पहिला, आणि त्या तारेच्या गुंडाळीचा रोध किती हा दुसरा. पहिला तबकडीवर लिहिलेला असतो, तरी तपासून घ्यावा. दुसरा मोजावा लागतो. मल्टिमीटर ओहमवर लावून थेट मोजायचा मोह होतो. तो टाळावा, कारण रोध मोजताना मल्टिमीटर स्वतःच्या सेलमधून प्रवाह सोडतो, आणि तो या नाजूक काट्याला टोकावर नेऊन आपटू शकतो.

जुनी रीत अशी. एक सेल, एक मोठा बदलता रोध आणि मीटर एकामागून एक जोडायचे. रोध कमी करत काटा बरोबर शेवटच्या रेघेवर आणायचा. मग मीटरच्या दोन टोकांना समांतर असा एक रेझिस्टन्स बॉक्स जोडायचा आणि काटा अर्ध्यावर येईपर्यंत त्याच्या चाव्या बदलायच्या. अर्धा प्रवाह मीटरमधून आणि अर्धा बॉक्समधून जातोय, तर दोघांचा रोध सारखा. बॉक्सवर वाचायचं की झालं.

मी एका दीड व्होल्टच्या सेलवर हे केलं आणि ७१ ओहम मिळाले. सहा सेल जोडून नऊ व्होल्टवर केलं तर ७४.४. एकच मीटर, दोन उत्तरं. बॉक्स समांतर जोडल्यावर साखळीचा एकूण रोध थोडा कमी होतो आणि एकूण प्रवाह थोडा वाढतो, हे मी विसरलो होतो. दीड व्होल्टवर मोठा रोध चौदाशेच्या आसपास असतो, त्याच्यापुढे मीटरचे पाऊणशे ओहम दुर्लक्ष करण्याजोगे नसतात. नऊ व्होल्टवर तो नऊ हजारांच्या जवळ असतो, म्हणून चूक टक्क्याच्या आत येते. हिशेबाने दोन्ही उत्तरं दुरुस्त केली तेव्हा ती एकाच जागी आली, ७५ ओहम. तिन्ही मीटर तसेच निघाले.

आता शंट. शंट म्हणजे मीटरच्या शेजारून काढलेली मोठी वाट. दहा अँपिअर येताहेत, त्यातला फक्त एक मिलिअँपिअर मीटरमधून जायचा, उरलेले ९.९९९ अँपिअर वाटेने. मीटरमधून एक मिलिअँपिअर जाताना त्याच्या टोकांवर ७५ मिलिव्होल्ट पडतात. शंटच्या टोकांवरही तेवढेच पडले पाहिजेत, कारण टोकं तीच. ७५ मिलिव्होल्टला ९.९९९ अँपिअरने भागलं की साडेसात मिलिओहम येतात, म्हणजे एका ओहमचा साधारण एकशे तेहतिसावा भाग. एवढा बारीक रोध दुकानात मागून मिळत नाही, पण घरच्या वायरिंगची दीड स्क्वेअर मिलिमीटरची भरीव तांब्याची तार मीटरभर घेतली तर तिचा रोध सुमारे १२ मिलिओहम असतो. साडेसात मिलिओहमला ६२ सेंटिमीटर पुरतात. मी तार मोजून कापली, पेन्सिलीवर गुंडाळून वेटोळं केलं आणि दोन टोकं मीटरच्या मागच्या दोन नटांखाली दाबली. त्याच नटांखाली चार्जरच्या जाड वायरी. तबकडीवर नवा कागद चिकटवून शून्य ते दहा लिहिलं. मामाने काटा हलताना पाहिला आणि चहा मागवला.

दोन महिन्यांनी गेलो तर मामाचा चेहरा पडलेला. "काटा सहा दाखवतो, पण बॅटरी पोटभर जेवत नाही रे," तो म्हणाला. साठ अँपिअर-तासाची उतरलेली बॅटरी तो सहा अँपिअरवर बारा तास ठेवायचा. त्याचा अनेक वर्षांचा अनुभव होता की तेवढ्यात हायड्रोमीटरचा तरंगता काटा बाराशे पन्नासला येतो. आता बाराशेवर अडकत होता. एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी दोनदा परत आली होती, ऐन पेरणीत. मामाने त्याचे पैसे परत केले होते आणि दुसऱ्याला नवी बॅटरी घ्या असं सांगून बसला होता. ती बॅटरी चांगली होती, हे नंतर कळलं. मला सर्वांत जास्त लागलं ते तेच.

पुढच्या खेपेला कॉलेजातून एक चांगला अँपिअर-मीटर मागून आणला आणि माझ्या मीटरबरोबर त्याच साखळीत जोडला. माझा सहा दाखवत होता, तो साडेचार. बारा तासांत ७२ ऐवजी ५४ अँपिअर-तास बॅटरीत जात होते. चार्जिंगमध्ये काही वाया जातंच, त्यामुळे साठच्या बॅटरीला हे पुरणार कसे?

हिशेब उलटा केला. माझा काटा सहावर आहे, म्हणजे मीटरच्या टोकांवर ४५ मिलिव्होल्ट आहेत. खरा प्रवाह साडेचार अँपिअर. ४५ भागिले साडेचार म्हणजे दहा मिलिओहम. माझी तार साडेसातची होती. मग अडीच मिलिओहम आले कुठून?

नटांखालून. तांब्याची तार, पितळेचा नट, मधे थोडा गंज, थोडा ॲसिडचा वाफारा. बॅटरीच्या दुकानात तो असतोच. एका सांध्याचा एखादा मिलिओहम ही काही मोठी गोष्ट नाही, घरातल्या प्रत्येक स्विचमध्ये तेवढा असतो. पण ज्या शंटचा स्वतःचाच रोध साडेसात आहे, त्याच्याशी साखळीने जोडला की तो एक तृतीयांश होतो. मीटर शंटवरचे व्होल्ट मोजत नव्हता. शंट आणि त्याचे दोन सांधे मिळून जे पडतात ते मोजत होता. ओळखण्याची खूण सोपी होती, मी आधी पाहिली नव्हती इतकंच: नटाला बोट लावलं की काटा थरथरत होता. प्रवाह बोटाने बदलत नाही, सांधा बदलतो.

मी नट घासून घट्ट आवळले. काटा साडेचारवर आला. काम झालं असं समजून परतलो, आणि दुसरी चूक तिथेच झाली.

दीड-दोन महिन्यांत चार्जरच्या हादऱ्याने वेटोळ्याचं एक टोक नटाखालून निसटलं. आता वाटच बंद, सगळा प्रवाह मीटरमधून. दहा अँपिअर गेले असं मामाने गावभर सांगितलं, पण तसं होत नाही. मीटरचे ७५ ओहम साखळीत आले की प्रवाह घसरतो. चार्जरचे १८ व्होल्ट, बॅटरीचे १२, मधले सहा व्होल्ट भागिले ७५, म्हणजे ८० मिलिअँपिअर. दहा अँपिअरपुढे ते काहीच नाहीत. पण मीटर एका मिलिअँपिअरचा होता. काटा वाकून तबकडीच्या बाहेर गेला आणि केसाएवढ्या तारेची गुंडाळी काळी पडली. वास अजून आठवतो.

मग तो जळका मीटर समोर ठेवून मी विचार करत बसलो. दोन्ही चुकांचं मूळ एकच होतं. मी मीटरला मुख्य मानलं होतं आणि शंट त्याच्या पाठीला बांधला होता. खरं तर मुख्य रस्ता शंटचा आहे. चार्जरच्या जाड वायरी शंटलाच पक्क्या जोडल्या पाहिजेत, आणि मीटरने दोन बारीक तारांनी त्या सांध्यांच्या आतल्या बाजूला, शंटच्या अंगावर, फक्त टेकायचं. मग सांध्याचा रोध मुख्य रस्त्यात राहतो, तिथे तो थोडा तापेल, पण मीटरला दिसणार नाही. मीटरच्या बारीक तारांनाही सांधे असतात, पण त्यांचा रोध मीटरच्या ७५ ओहममध्ये मिळतो. तिथे शंभर मिलिओहमचा वाईट सांधा असला तरी फरक टक्क्याच्या सातव्या-आठव्या भागाएवढा. तोच सांधा चुकीच्या बाजूला गेला की काटा चौदापट खोटं बोलेल. आणि चार्जरची वायर निसटली, तर बॅटरीकडे जाणारा प्रवाहच थांबतो. मीटरच्या बारीक तारा निसटल्या, तर काटा शून्यावर येतो, इतकंच.

हे कळल्यावर जुन्या बाजारात तोवर शंभरदा पाहिलेली एक वस्तू पहिल्यांदा दिसली. दोन पितळी ठोकळे, त्यांच्यात झाळलेल्या राखाडी पट्ट्या, आणि प्रत्येक ठोकळ्यावर दोन-दोन स्क्रू, एक जाड, एक बारीक. मला नेहमी वाटायचं की दोन टोकांच्या वस्तूला चार स्क्रू कशाला. जाड स्क्रू प्रवाहाचे, बारीक मीटरचे. त्यावर छापलं होतं: १० अँपिअर, ७५ मिलिव्होल्ट. माझ्या मीटरलाही पूर्ण काट्यासाठी नेमके ७५ मिलिव्होल्टच लागत. ७५ मिलिव्होल्टचे शंट आपल्याकडे पॅनेल मीटरसाठी सर्रास मिळतात, पण तेव्हा मला तो योगच वाटला.

तो शंट हाती लागण्याआधी मी दुसऱ्या मीटरला तांब्याच्या तारेचाच शंट नव्या रीतीने करून पाहिला होता. पाऊण मीटर तार घेतली, तिची टोकं चार्जरच्या वायरींना झाळली, आणि मीटरच्या दोन तारांपैकी एक तारेवर कायम झाळून दुसरी सरकवत गेलो. कॉलेजचा मीटर सहा दाखवत असताना माझाही सहावर आला तिथे ती झाळली. ज्याला हाताने शंट करायचा आहे त्याने हीच रीत वापरावी. तार कापून बरोबर रोध आणायच्या भानगडीत पडू नये, तार लांब ठेवावी आणि टेकण्याची जागा सरकवावी. आकडा बरोबर आला. पण अर्ध्या तासाने काटा ६.२ वर. खरा प्रवाह सहाच होता.

याचं कारण तांबं. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला ०.३९ टक्क्यांनी वाढतो. बंद डब्यात, वेटोळ्यात, तार आठ-नऊ अंशांनी तापली की तीन टक्के गेले. एडवर्ड वेस्टन याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तांबं, मँगनीज आणि थोडं निकेल यांचा जो मिश्रधातू शोधला, तो मँगॅनिन, याच दुखण्यावरचा उपाय. त्याचा रोध नेहमीच्या तापमानात जवळजवळ हलतच नाही. त्या राखाडी पट्ट्या मँगॅनिनच्या होत्या.

पण इथे एक गंमत आहे. मीटरची गुंडाळी स्वतः तांब्याची असते. शंट मँगॅनिनचा लावला की शंट जागचा हलत नाही, पण मे महिन्यात गुंडाळीचा रोध वाढतो, तिच्यातून कमी प्रवाह जातो आणि काटा मागे पडतो. मामाच्या पत्र्याच्या दुकानात जानेवारीच्या पहाटे दहा अंश आणि मेच्या दुपारी बेचाळीस. पंचवीस अंशांवर जुळवलेला मीटर हिवाळ्यात सहा टक्के पुढे आणि उन्हाळ्यात तेवढाच मागे. तांब्याचा शंट असता तर दोघं बरोबर तापले-गारठले असते आणि ऋतूचा परिणाम आपोआप कटला असता. फक्त शंट स्वतःच्या प्रवाहाने तापतो, गुंडाळी तापत नाही, म्हणून ते गणित फिसकटतं.

कारखान्यातले लोक गुंडाळीच्या मागे साखळीने न बदलणारा रोध जोडतात. समजा, माझ्या ७५ ओहमला मँगॅनिनचे २२५ जोडले. एकूण ३०० ओहमांत तांब्याचा वाटा पाव, म्हणून चूकही पाव. पण मग पूर्ण काट्याला ७५ ऐवजी ३०० मिलिव्होल्ट लागतात, शंट चौपट रोधाचा करावा लागतो, आणि दहा अँपिअरला तो पाऊण वॅटऐवजी तीन वॅट उष्णता सोडतो. चार्जरच्या व्होल्टांतले ०.३ व्होल्टही खातो. मी ते केलं नाही. बॅटरी चार्जिंगला सहा टक्के चालतात, त्याच्यावर हायड्रोमीटर आहेच. प्रयोगशाळेचा मीटर असता तर वेगळा निर्णय घेतला असता.

तिसऱ्या मीटरचा व्होल्टमीटर केला. बारा व्होल्टच्या बॅटरीला शून्य ते पंधरा पुरतात. आता मीटरच्या शेजारून वाट काढायची नाही, त्याच्या पुढे धरण बांधायचं. पंधरा व्होल्टला एकच मिलिअँपिअर जावा, तर एकूण रोध पंधरा हजार ओहम हवा. त्यातले ७५ मीटरचे, उरले १४,९२५. हा मल्टिप्लायर. बाजारात तेवढ्याचा रोध मिळत नाही. पुस्तकं इथे ७५ वजा करायचं बजावून सांगतात, पण त्या काळच्या पाच टक्केवाल्या रोधात साडेसातशे ओहमचा फरक मुळातच असायचा. म्हणून बारा हजार आणि अठराशेचा एकेक रोध आणि अडीच हजारांचा एक प्रीसेट साखळीने जोडले, आणि चांगल्या मीटरशी ताडून प्रीसेट फिरवून काटा जुळवला.

शंटने जितकं छळलं तितकं या कामाने मुळीच छळलं नाही. पंधरा हजार ओहमांत सांध्याचा एखादा ओहमही दिसत नाही. गुंडाळी दहा अंशांनी तापली तर तिचा रोध तीन ओहमांनी वाढतो, पंधरा हजारांत तीन. शंटच्या मीटरला जी चूक चार टक्के होती ती इथे टक्क्याच्या पन्नासाव्या भागावर येते.

छळ झाला तो जागेचा. मामाने व्होल्टमीटरच्या तारा चार्जरच्या पट्टीवर जोडल्या, तिथे सोयीचं होतं म्हणून. काटा १४.४ दाखवायचा आणि मामा बॅटरी भरली म्हणून काढायचा. पण चार्जरपासून बॅटरीपर्यंतच्या दोन वायरी आणि शिशाचे क्लिप मिळून दहाव्या भाग ओहमाएवढे होते. सहा अँपिअरला तिथे ०.६ व्होल्ट पडत होते. बॅटरीच्या अंगावर फक्त १३.८. मी तारा काढून बॅटरीच्या खांबांवर, चार्जरच्या क्लिपच्या आत टेकवल्या. तोपर्यंत मामालाही हे प्रकरण समजलं होतं. "म्हणजे इथेही बारीक स्क्रू आत," तो म्हणाला.

हाच व्होल्टमीटर मी एकदा रेडिओ दुरुस्तीला वापरला आणि फसलो. बारा व्होल्टवर दहा-दहा हजार ओहमांचे दोन रोध साखळीने जोडलेले, मधे सहा व्होल्ट असायला हवेत. काटा साडेचार. मीटरचे पंधरा हजार ओहम खालच्या दहा हजारांना समांतर झाले की दोघांचे मिळून सहा हजार होतात, आणि बाराचे वाटे दहा हजार आणि सहा हजारांत पडतात. मीटर चुकत नव्हता, तो टेकला की तिथे खरोखरच साडेचार व्होल्ट होत होते. बॅटरीचा आतला रोध काही मिलिओहमच असतो, तिला या पंधरा हजारांची जाणीवही होत नाही. रेडिओसाठी पन्नास मायक्रोअँपिअरची तबकडी हवी. तिच्यावर पंधरा व्होल्टचा मीटर केला तर रोध तीन लाख ओहम होतो.

ते दोन मीटर दुकान बंद होईपर्यंत चालले. दिवाळीत गेलो की मी कॉलेजचा मीटर बरोबर नेत असे आणि दोन, चार, सहा, आठ अँपिअरला ताडून पाहत असे. एका वर्षी चारही जागी काटा सारख्याच प्रमाणात पुढे होता. मामाने शंटचे स्क्रू साफ केले होते, आणि परत लावताना मीटरची एक बारीक तार जाड स्क्रूखाली गेली होती. ती काढून आतल्या स्क्रूला लावली, काटा परत आला.